मांजर, मटण आणि लेकराचे उष्टे

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. किल्लारीतील माझे एक सहकारी संध्याकाळी हातात रक्ततपासणीचा कागद घेऊन घरी आले. त्यांची सून दुसऱ्यांदा गर्भवती होती. दहावा आठवडा चालू होता. शहरातील एका प्रयोगशाळेत तिची 'टॉर्च' नावाची तपासणी करून घेण्यात आली होती आणि अहवालात दोन ठिकाणी 'पॉझिटिव्ह' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. तो कागद घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरचे मांजर पोत्यात घालून शिवारात सोडून देण्यात आले. इतकेच नव्हे, तर हा गर्भ ठेवावा की नाही, अशी कुजबुजही सुरू झाली होती. मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तथापि आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहणे हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे. तो कागद समजून घेताना जे कळले, ते अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

'टॉर्च' हे काही एका रोगाचे नाव नव्हे. आईकडून गर्भाला होऊ शकणाऱ्या काही संसर्गांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून १९७१ साली हा शब्द तयार झाला. त्यातील 'ट' म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परोपजीवी, आणि 'सी' म्हणजे सायटोमेगॅलो हा विषाणू. रक्तात या जंतूंविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचे दोन प्रकार तपासले जातात. आयजीएम हे साधारणतः संसर्गाच्या आरंभी दिसतात, तर आयजीजी हे थोडे मागाहून येतात आणि जन्मभर राहतात. म्हणजे आयजीजी ही जुन्या व्यवहाराची नोंद होय. खातेवहीत दहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली म्हणून आज कोणी दारात येऊन उभा आहे, असा अर्थ होत नाही.

आता त्या सुनेचा अहवाल पाहू. सायटोमेगॅलोचे आयजीजी पॉझिटिव्ह होते, आयजीएम निगेटिव्ह. आपल्या देशात दहांपैकी नऊहून अधिक प्रौढ स्त्रियांच्या रक्तात हे आयजीजी सापडते, कारण हा विषाणू बहुतेकांना बालपणीच गाठतो आणि साध्या सर्दीतापासारखा निघून गेल्याचा भास होतो. तेव्हा या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ एवढाच की, ही मुलगी तुमच्या-आमच्यासारखीच आहे.

दुसरा 'पॉझिटिव्ह' अधिक विचार करण्याजोगा होता. टॉक्सोप्लाझ्माचे आयजीएम किंचित वाढलेले होते आणि आयजीजी निगेटिव्ह. असे दोन कारणांनी घडते. एक तर संसर्ग अगदी ताजा असतो, नाही तर चाचणी चुकलेली असते. यातील अधिक संभवनीय कोणते, हे साध्या अंकगणिताने कळते. समजा, हजार गर्भवतींपैकी पाचजणींना खरोखर नुकताच संसर्ग झाला आहे, आणि ही चाचणी निरोगी स्त्रियांपैकी शंभरांत दोघींना चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. मग खऱ्या पाचजणींबरोबर सुमारे वीस निरोगी स्त्रियाही त्याच यादीत येतील. पंचवीस भयभीत स्त्रियांपैकी वीसजणींचे भय निराधार! चाचणी वाईट नसतानाही हे घडते. जे दुर्मिळ आहे, ते सरसकट सर्वांमध्ये शोधू लागले की असेच होते.

यावर उपाय सोपा आहे. मात्र त्याला धीर लागतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत रक्त पुन्हा तपासावयाचे. संसर्ग खरा असेल, तर तोपर्यंत आयजीजी दिसू लागतेच. ते दिसले नाही, तर पहिले आयजीएम खोटे होते. आयजीजी आधीपासूनच असेल, तर 'ॲव्हिडिटी' नावाची आणखी एक चाचणी संसर्ग जुना की नवा, हे ठरविण्यास मदत करते. संसर्ग खरा ठरला तरी निर्णयाची घाई नको. स्पायरामायसिनसारखी औषधे आहेत, सोनोग्राफीने गर्भावर लक्ष ठेवता येते, आणि संसर्ग गर्भापर्यंत पोहोचला की नाही, हे पुढे गर्भजल तपासून कळू शकते. गरोदरपणाच्या आरंभी आईला संसर्ग झाला, तर तो गर्भाला क्वचित पोहोचतो, पण पोहोचल्यास मेंदूला व डोळ्यांना गंभीर इजा करतो. शेवटच्या महिन्यांत तो पुष्कळदा पोहोचतो, पण इजा सहसा सौम्य असते. हे सर्व तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावयाचे; एका कागदावरून घरच्यांनी नव्हे. त्या सुनेचे आयजीजी तीन आठवड्यांनंतरही निगेटिव्हच राहिले. म्हणजे टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग तिला झालेलाच नव्हता.

घरात पेढे वाटले गेले. पण माझ्या मते खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. निगेटिव्ह याचा अर्थ 'सुरक्षित' असा नसून, या जंतूविरुद्ध तिच्यापाशी कोणतेही संरक्षण नाही असा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत प्रजननवयातील सुमारे २२ टक्के स्त्रियांमध्येच टॉक्सोप्लाझ्माचे जुने प्रतिपिंड आढळले होते. उरलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांना तो गरोदरपणात प्रथमच गाठू शकतो.

मग मांजराला हाकलले ते योग्यच झाले, असे कोणी म्हणेल. या जंतूचे जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होते, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले, तेव्हापासून मांजराची बदनामी झाली. वस्तुतः मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, उंदीर वा कच्चे मांस खाऊन प्रथम संसर्ग झाल्यावर, एक ते तीन आठवडे विष्ठेतून या जंतूची अंडी टाकते. ताजी अंडी संसर्ग करीत नाहीत. त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून शहरातील घरांत जेथे मांजरासाठी वाळूचा ट्रे ठेवतात, तेथे तो रोजच्या रोज, आणि गर्भवतीखेरीज दुसऱ्या कोणी, साफ केला की धोका पुष्कळसा टळतो. आपल्याकडे ट्रे नाही. आपल्याकडे मांजर बांधकामाच्या वाळूच्या ढिगात, फुलझाडांच्या आळ्यात, कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते आणि माती ओढून घेते. १९९३ च्या भूकंपानंतर वसलेल्या पुनर्वसनाच्या घरांभोवती थोडीफार मोकळी जागा आहे आणि तेथे असे वाफे असतात. ओल्या मातीत ही अंडी वर्षभर टिकू शकतात. पोत्यात घातलेले मांजर गेले. पण वाफा तेथेच आहे आणि शेजारच्यांची मांजरेही. तेव्हा खुरपणी केल्यावर साबणाने हात धुणे आणि कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी भरपूर पाण्यात चोळून धुणे, हा खरा बंदोबस्त होय.

मांसाची वाट मांजराइतकीच, किंबहुना तिच्याहून मोठी आहे. १९६५ साली पॅरिसमधील संशोधकांनी एका क्षयरोग आरोग्यधामातील मुलांची पाहणी केली. तेथे अर्धकच्चे मांस हा पथ्याचाच भाग होता. जसजसे कच्चे मांस वाढविले, तसतसा मुलांमधील संसर्ग झपाट्याने वाढला. आपल्याकडचा रस्सा तासभर शिजतो. आतपर्यंत सुमारे ६७ अंश उष्णता पोहोचली की मांसातील जंतू मरतो, त्यामुळे रश्श्याचे भय नाही. भय आहे ते कंदुरीच्या दिवशी निखाऱ्यावर नुसती परतून हातावर ठेवल्या जाणाऱ्या कलेजीचे, 'मीठ बघ' म्हणून अर्धवट शिजलेला तुकडा चाखण्याचे, आणि मटण धुऊन त्याच विळीवर कांदा चिरण्याचे. घरच्या फ्रिजच्या साध्या थंडीने हा जंतू मरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या घरात जिकडे कोणाचेच लक्ष नव्हते, तिकडे वळू. हे सर्व बोलणे चालू असताना त्या सुनेच्या मांडीवर तिचा अडीच वर्षांचा मुलगा बसला होता. तिने त्याला भात भरविला, उरलेला स्वतः खाल्ला, त्याच्या तोंडातून पडलेले शीत उचलून तोंडात टाकले आणि पदराने त्याची लाळ पुसली. आपल्याकडे लेकराचे उष्टे आईला वर्ज्य नसते. ते मायेचेच रूप मानले जाते. परंतु सायटोमेगॅलो हा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे बाहेर पडत असतो, आणि मूल मात्र खेळते, हसते, धडधाकट दिसते. जुने आयजीजी असले तरी तोच विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याचीच वेगळी जात नव्याने शिरू शकते. अशा आईच्या बाळाला धोका कमी असतो, पण तो शून्य नसतो. आपल्या देशात बहुतेक बाधित बाळे अशाच मातांच्या पोटी जन्मतात, याचे कारण अशा माताच बहुसंख्य आहेत.

येथे साबणाचे मोल मोजून पाहिले गेले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, पूर्वी संसर्ग न झालेल्या आणि लहान मुलांच्या सतत सहवासात असलेल्या गर्भवतींना स्वच्छतेचे नियम समजावून सांगण्यात आले. त्यांच्यापैकी १.२ टक्के स्त्रियांना संसर्ग झाला. ज्यांना काही सांगितले गेले नव्हते, त्यांच्यापैकी ७.६ टक्के. नियम अगदी साधे आहेत. मुलाचे उष्टे खाऊ नये. त्याचा चमचा, पेला आपल्या तोंडाला लावू नये. मुका ओठांवर न घेता कपाळावर घ्यावा. लंगोट बदलल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणाने पंधरा-वीस सेकंद हात चोळून धुवावेत. या विषाणूचे आवरण साबणाने सहज फुटते. मुलाला दूर लोटण्याचे काहीच कारण नाही. अंगणवाडीताई गर्भवती असतील, तर त्यांनाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट. हा विषाणू घेऊन जन्मलेली बहुतेक बाळे जन्मतः निरोगी दिसतात. पण त्यांतील दहा-पंधरा टक्क्यांची श्रवणशक्ती पुढे कमी होते, कधी जन्मानंतर महिन्यांनी वा वर्षांनी. संसर्ग पोटातच झाला होता की नाही, हे जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत लाळ वा लघवी तपासली तरच खात्रीने ठरते. त्यानंतर सापडलेला विषाणू जन्मानंतरचाही असू शकतो. म्हणून शंका असेल तेथे ती तपासणी वेळेत व्हावी, आणि कान पुनःपुन्हा तपासले जावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे; तिचा लाभ मागून घेतला पाहिजे.

त्या कुटुंबाने तपासणीवर दोन-तीन हजार रुपये खर्च केले, तीन आठवडे झोप गमावली आणि एक मांजर गमावले. साबणाची वडी घरात होतीच. दर महिन्याच्या तपासणीस येणाऱ्या गर्भवतीला लोहाच्या गोळ्या देताना, 'लेकराचे उष्टे खाऊ नका, कच्च्या मटणाचे हात धुवा' ही दोन वाक्ये कोणी सांगितली, तर त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदान. ज्या तपासणीचा अर्थ सांगणारा कोणी नाही, ती सरसकट करीत राहावयाचे आणि जे निश्चितपणे कळलेले आहे, ते मात्र सांगावयाचे नाही, हा आपला हिशेब उलटा आहे. ती सून पुढे सुखरूप बाळंत झाली. मुलीचे कान तपासून झाले आहेत. पुढील तपासणीची तारीख आजोबांनी दिनदर्शिकेवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.