एका शब्दाचा संदेश कचरा असतो का?

समजा, साड्या विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात महिन्याभरात चॅटवर १००० संभाषणं नोंदली गेली. त्यांतली १०५ परताव्याच्या तक्रारींची, म्हणजे साडेदहा टक्के. पण हजारांतल्या ३०० नोंदींत खरा ग्राहक बोललेलाच नाही. कुठे चॅटची खिडकी आपोआप उघडून ‘नमस्कार, काय मदत करू?’ एवढंच उमटलं आणि आलेला माणूस निघून गेला. कुठे दुकानातल्याच मुलांनी ‘टेस्ट’ लिहून पाहिलं, कुठे खिशातल्या फोनवरून ‘घघघजज’ गेलं. या नोंदी वगळल्या की ७०० उरतात आणि तक्रारी निघतात १५ टक्के.

सफाई हवीच. पण झाडू कसा फिरवायचा, इथे खरी कसोटी लागते. ‘तीन अक्षरांहून लहान संदेश उडवा’ हा नियम सोपा म्हणून सर्रास वापरला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक. ‘पैसे जमा झाले का?’ या प्रश्नावर आलेलं ‘नाही’ हीच पूर्ण तक्रार असते. ‘परताव्यासाठी २ दाबा’ असं सांगितल्यावर ग्राहक नुसता ‘२’ पाठवतो. म्हणून आधीचा संदेश वाचल्याशिवाय एकाही छोट्या संदेशाचा निकाल लावू नये.

दुहेरी नोंदींचंही तसंच. नेट अडखळल्यामुळे तोच मजकूर दोन-तीन सेकंदांत दोनदा आला, तर एक काढावा. पण ‘पैसे कधी मिळणार?’ हे सोमवारी, मंगळवारी आणि पुन्हा गुरुवारी आलं असेल, तर ती पुनरावृत्ती नाही, तो ग्राहकाचा चढत गेलेला राग आहे. तिथे वेळेची नोंद पाहावीच लागते.

मराठी संदेशांना आणखी एक धोका असतो. विरामचिन्हं आणि इमोजी काढण्यासाठी पायथनमध्ये नेहमी वापरली जाणारी ही ओळ पाहा:

```
re.sub(r"[^\w\s]", "", "पैसे मिळाले नाहीत")
```

हाती येतं ‘पस मळल नहत’. `\w` मध्ये अक्षरं आणि अंक बसतात, काना-मात्रा-वेलांट्या बसत नाहीत. त्यामुळे त्या विरामचिन्हांबरोबरच गळून पडतात. कुठेही चूक दाखवली जात नाही. पुढे ‘पैसे’ हा शब्द शोधला की शून्य सापडतात आणि मराठीत तक्रारच नाही असं वाटतं. यावर उपाय म्हणजे काय ठेवायचं ते सांगण्याऐवजी नेमकी कोणती चिन्हं काढायची, त्यांची यादी द्यावी.

मूळ फाइल तर कधीच पुसू नये. प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना करून ‘रिकामी’, ‘चाचणी’, ‘दुहेरी’ असं वगळण्याचं कारण लिहावं. मग वगळलेल्यांतल्या शंभरेक नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून एखाद्या माणसाने डोळ्यांनी वाचाव्यात, शक्यतो रोज ग्राहकांशी बोलणाऱ्यानेच. त्यांत चार-पाच खरे ग्राहक सापडले, तर ज्या कारणाखाली ते अडकले तो नियम सुधारावा आणि मूळ फाइलवर पुन्हा पहिल्यापासून चालवावा.