जीनोमचा हिशेब : अर्जातला एक परिच्छेद

लांब रीड्सचा विषय या वेळी मांडायचे कबूल केले होते, तो पुढे ढकलतो. बडोद्याच्या गोरव्यातून एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे आणि तो मागच्या लेखांकातल्या वारंवारतेच्या मुद्द्याला थेट जोडून घेण्यासारखा आहे. ती जीवशास्त्राची पदवीधर आहे आणि जीनोमिक्स डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करते आहे. नोकरीचा अनुभव नाही. जमेला आहे तो अभ्यासक्रमातला व्हेरिएंट अ‍ॅनालिसिसचा विषय, आणि अर्जासोबतच्या पत्रात त्यावरच भर द्यायचा आहे. तो कसा द्यावा, असे ती विचारते. तिच्या मसुद्यातले मुख्य वाक्य मराठीत असे होईल : ‘बीडब्ल्यूए, जीएटीके, व्हीईपी, बीसीएफटूल्स यांचा वापर करून व्हेरिएंट कॉलिंग व अ‍ॅनोटेशन शिकले.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण त्या वर्गातल्या प्रत्येकाला ते जसेच्या तसे लिहिता येईल. आज्ञा चालवणे हे अ‍ॅनालिस्टच्या कामाचे सुरुवातीचे टोक आहे. पगार मिळतो तो यादी हाती आल्यावर तिच्यातल्या कोणत्या ओळीवर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या ओळीवर नाही, हे ठरवण्याचा. म्हणून माझे म्हणणे असे, की पत्रात साधनांची यादी देऊ नये. एकच व्हेरिएंट घ्यावा आणि त्याचा निवाडा कसा केला ते चार-पाच वाक्यांत सांगावे.

कोणता व्हेरिएंट घ्यावा, हे बडोद्याच्या मुलीला दूर शोधायला नको. ‘१००० जीनोम’ प्रकल्पात ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या गुजराती लोकांचा एक गट आहे. त्याचा संकेत GIH, तिसऱ्या टप्प्यातले नमुने १०३, आणि माहिती कोणालाही उतरवून घेता येते. आता हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाचे MYBPC3 हे जनुक पाहा. त्याच्या एका इंट्रॉनमधून २५ अक्षरे गळालेली काही माणसांत आढळतात. हा बदल c.3628-41_3628-17del असा लिहितात. हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी पेरुंदुराई दंडपाणी यांनी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले, की दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोक या बदलाचे वाहक आहेत आणि हृदयस्नायूच्या आजाराशी त्याचा संबंध दिसतो, तोही चांगला ठळक, जवळपास सातपट. त्या हिशेबाने १०३ गुजरात्यांत चारेक वाहक निघायला हवेत. म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरावातही हा बदल समोर येण्याची शक्यता बरीच आहे.

तो समोर आला की विद्यार्थी दोन उलट दिशांना चुकतात. पहिली चूक चाळणीची. व्हीईपीच्या निकालातून HIGH आणि MODERATE एवढ्याच ओळी ठेवायच्या, अशी सवय बहुतेक सराव-पाठ लावतात. हा बदल इंट्रॉनमध्ये असल्याने त्या चाळणीत तो मुकाट गळून जातो, आणि तो गळला हे यादीत कुठेच दिसत नाही. दुसरी चूक उतावळेपणाची. मुलगा हुशार असतो, शोधनिबंध वाचतो आणि ‘रोगकारक’ असा शिक्का मारून मोकळा होतो. जगभराची सरासरी वारंवारता लावली तर त्याला पाठिंबाही मिळतो, कारण दक्षिण आशियाबाहेर हा बदल फारसा आढळत नाही आणि सरासरीत तो दुर्मीळ वाटतो. नोमॅडमध्ये दक्षिण आशियाचा रकाना वेगळा पाहायचा तो यासाठीच.

आता साधा हिशेब करू. स्नायू जाड होण्याचा हा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, ढोबळ मानाने ५०० माणसांत एकाला असतो. हजार माणसे घेतली तर रुग्ण दोन आणि या बदलाचे वाहक चाळीस. दोन्ही रुग्ण वाहकच आहेत असे मानले, म्हणजे बदलाला जास्तीत जास्त दोषी धरले, तरी चाळिसातले अडतीस जण बिनआजाराचे राहतात. आजार होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. एवढ्यावर कुणाच्या अहवालात ‘तुमच्या आजाराचे कारण सापडले’ असे लिहिता येणार नाही. मात्र हिशेब इथेच सोडून ‘हा बदल निरुपद्रवी’ म्हणणेही घाईचे ठरेल, कारण २००९ चा सातपटीचा संबंध हवेतून आलेला नव्हता. त्याचा उलगडा २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने केला. आजारी वाहकांपैकी अनेकांत त्याच गुणसूत्रावर, त्याच जनुकात आणखी एक बदल होता : c.1224-52G>A. एक्सॉनपासून ५२ अक्षरे आत, म्हणून तोही नेहमीच्या चाळणीतून निसटणारा. वाढलेल्या धोक्याचा बराचसा भार या दुसऱ्या बदलावर जातो. २५ अक्षरांची गळती बहुतेक वेळा त्याची सोबतीण म्हणून पकडली गेली होती.

तर पत्रातला परिच्छेद असा होईल : ‘अभ्यासक्रमात १००० जीनोम प्रकल्पातल्या गुजराती नमुन्यांवर काम करताना MYBPC3 मधली २५ अक्षरांची गळती वाहकांत तपासली. HIGH-MODERATE चाळणीत ती निसटते, हे लक्षात आल्यावर चाळणी बदलली. दक्षिण आशियातली वारंवारता आणि आजाराचे प्रमाण ताडून ती एकटी रोगकारक ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला आणि त्याच नमुन्यांत c.1224-52G>A शोधला.’ साधनांची नावे सोबतच्या माहितीपत्रकात जातीलच.

यावर पहिला आक्षेप असा, की अर्ज प्रथम मनुष्यबळ विभागात जातो आणि तिथे शब्द शोधले जातात, विचार नाही. हे खरे आहे. म्हणूनच माहितीपत्रकात ती नावे हवीत, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत ‘व्हेरिएंट अ‍ॅनालिसिस’ हे दोन शब्दही. पण शब्दांच्या चाळणीतून पन्नास अर्ज पुढे गेले की ते वाचतो तो चमूचा प्रमुख, आणि त्याच्यासाठी पन्नासही याद्या एकसारख्या असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीने रोगनिदानाची भाषा का वापरावी? तिने ती वापरूच नये. वरच्या परिच्छेदात निदान कुठेही नाही. १००० जीनोमच्या नमुन्यांसोबत आजाराची माहिती दिलेलीच नसते, त्यामुळे त्यावरून कोण आजारी हे सांगताच येत नाही. ही मर्यादा एका अर्ध्या वाक्यात लिहिली तर पत्र अधिक भरवशाचे वाटेल.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, खबरदारी आहे. हे वाक्य काम खरेच केले असेल तरच लिहावे, आणि केले असेल तर ते दोन ठिकाणी तपासलेले असावे. गळती एकाच जागी असली तरी व्हीसीएफमध्ये ती वेगवेगळ्या प्रकारे मांडली जाऊ शकते. मांडणी एकसारखी केली नाही तर नोमॅडशी जुळणी होत नाही आणि परिचित बदल ‘नवा’ म्हणून पुढे येतो. त्यासाठी आधी हे चालवावे :

```
bcftools norm -f GRCh38.fa -m -any in.vcf.gz -Oz -o norm.vcf.gz
```

मग आयजीव्हीत ती जागा उघडावी. वाहकाच्या साधारण निम्म्या रीड्समध्ये २५ अक्षरांची फट दिसायला हवी. ज्या रीड्स फटीजवळच संपतात त्यांची टोके नीट बसत नाहीत, त्यामुळे मोजणीत प्रमाण निम्म्याच्या थोडे खाली येते, त्याने बिचकू नये. ते चित्र पाहिलेले नसेल तर मुलाखतीत ‘किती रीड्समध्ये दिसली?’ या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल.