अंधारातला मूग जास्त उंच का होतो?

वापरलेल्या दोन कागदी कपांना तळाशी भोक पाडा, माती भरा आणि प्रत्येकात रात्रभर भिजवलेले पाच मूग पेरा. एक कप खिडकीत, दुसरा बंद कपाटात. पाणी दोन्हींना सारखंच. मोड दोन्हीकडे येतात, कारण मुगाला रुजायला उजेड लागत नाही.

लहान मुलांना फूटपट्टी वाचता येत नसेल, तर रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून रोज वहीत चिकटवायची. आठवड्याभरात गंमत होते: कपाटातल्या रोपाची पट्टी जास्त लांब निघते! मुलं त्यालाच पहिला नंबर देऊन टाकतात. म्हणून पट्टीशेजारी पानाचा रंगही रंगवून घ्यावा. कपाटातलं पान पिवळट असतं आणि खोड बारीक. उजेडापर्यंत पोहोचण्यासाठी रोप दाण्यातला अन्नसाठा उंची वाढवण्यातच खर्च करतं. उजेडाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही. साठा संपला की ते मान टाकतं.