बोललेला भाव, ठरलेला भाव

फोनवर "अठरा रुपये" म्हटलं की विकणाऱ्याच्या मनात जीएसटी वेगळा असतो, घेणाऱ्याच्या मनात तो त्यातच आलेला. समजा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा सौदा आहे. मग त्याच दिवशी ईमेल जावा: "ठरलं ते असं: ५,००० खोकी, प्रत्येकी १८ रुपये, जीएसटी आणि वाहतूक वेगळी, दर ३० तारखेपर्यंत. १०,००० घेतल्यास १६.५० रुपये, यावर फक्त चर्चा झाली. नमुना आम्ही सोमवारी पाठवू. छपाईचं डिझाइन तुम्ही बुधवारपर्यंत द्याल."

'फक्त चर्चा' हे शब्द गाळले, तर ग्राहक ऑर्डर ५,००० ची देतो आणि भाव १६.५० चा मागतो. मग वाद बिलावर होतो.

असा ईमेल निव्वळ शिष्टाचार नसतो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या सौद्यात औपचारिक करारावर सह्या झाल्या नव्हत्या. तरी ईमेलांतून ठरलेला करार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ग्राह्य धरला. त्यामुळे सौदा अजून पक्का नसेल तर "लेखी ऑर्डरनंतरच पक्का" असं स्पष्ट लिहा. आणि ग्राहकाकडून "मान्य" एवढं उत्तर मागून घ्या. त्याचं मौन म्हणजे होकार नव्हे.