फोडणीमागची भिंत

मोहरी तडतडली की तेलाचे टपोरे थेंब शेगडीमागच्या टाइल्सवर उडतात. ते दिसतात, म्हणून लगेच पुसलेही जातात. जास्त त्रास देतो तो तेलाचा बारीक तुषार. वाफेबरोबर तो वर चढतो, टाइल्सच्या वरच्या भिंतीवर बसतो आणि हवा लागून हळूहळू वाळत त्याचा चिकट, पिवळट-तपकिरी थर होतो.

या वरच्या भिंतीला थराच्या जवळचाच रंग द्यावा: मोतिया, बदामी, फिकट मातकट. निळसर पांढरा महिन्याभरातच कळकट वाटू लागतो आणि फिकट आकाशीवर पिवळा थर बसला की भिंत हिरवट दिसते. रंगाचा प्रकारही पाहा. डिस्टेंपर तेल शोषतो आणि ओल्या फडक्याने पुसला तर निघून हातात येतो. सॅटिन फिनिशचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन साबणाच्या पाण्याने पुसता येतो. ऑइलपेंटही धुता येतो, पण पांढरा ऑइलपेंट अंधाऱ्या स्वयंपाकघरात आपोआपच पिवळा पडतो, धूर असो वा नसो.

टाइल्सच्या बाबतीत मुख्य शत्रू हळद. गुळगुळीत ग्लेझवरून ती निघते, सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये मात्र मुरून बसते. म्हणून शेगडीमागे सांधे इपॉक्सीने भरून घ्यावेत, रंग राखाडी किंवा बदामी. (ऊन येणाऱ्या भिंतीवर हळदीचा डाग काही दिवसांत फिका होतो, बहुतेक ओट्यांना ते भाग्य नसते.) काळ्या चकचकीत टाइल्स दुकानात देखण्या दिसतात, पण बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात त्यांवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि तेलाचे फराटे उजेडात स्पष्ट दिसतात.

दुकानातून एक नमुना टाइल घरी आणा. हळद-तिखट घातलेले गरम तेल तिच्यावर चमचाभर टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी भांड्यांच्या साबणाने पुसा. खडबडीत मॅट टाइलच्या खळग्यांत पिवळी झाक उरली, तर ती टाइल बैठकीच्या खोलीत लावा.

जुनी भिंत पुन्हा रंगवताना घोटाळा होतो तो घाईमुळे. समजा, दोन फूट टाइल्स आहेत आणि वर धुरकटलेला डिस्टेंपर. त्यावर थेट नवा रंग मारला, तर तो चिकटपणावर धरत नाही, पापुद्रे सुटतात आणि तपकिरी डाग पुन्हा वर येतात. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत घासावी, डिस्टेंपर खरवडून काढावा, स्वच्छ पाण्याने धुऊन भिंत पूर्ण वाळू द्यावी. मग पॉलिश पेपर, नंतर ऑइल बेसचा प्रायमर, कारण पाण्याच्या प्रायमरमधून डाग झिरपतात. त्यावर इमल्शनचे दोन हात. प्रायमरआधी भिंतीवर थोडे पाणी शिंपडून पाहा. थेंब गोळा होऊन ओघळले तर तेल अजून शिल्लक आहे, पेंटरला पुन्हा सोड्याची बादली घ्यायला सांगा.