सत्तावीसशे रुपये गेले कुठे?

मार्चअखेरीला एका हार्डवेअरच्या दुकानाची तेरीज जुळेना. नावे बाजूची बेरीज आली 10,08,540 आणि जमा बाजूची 10,05,840. फरक 2,700 रुपयांचा. मालक म्हणाले, ‘‘काका, दहा लाखांत सत्तावीसशेचं काय एवढं? किरकोळ खर्चात टाका आणि मिटवा.’’ मी पेन खाली ठेवलं. फरक लहान आहे म्हणून चूक लहान असते असं नाही. एकीकडे पन्नास हजार जास्त आणि दुसरीकडे एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद जास्त लागले असतील, तर फरक दिसतो फक्त दहा रुपयांचा.

आधी तेरीज म्हणजे काय ते सांगतो. दुकानात झालेला प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जातो, एकात नावे आणि दुसऱ्यात तेवढ्याच रकमेला जमा. रोज लिहायची ती कीर्द. कीर्दीतली रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची, ती खतावणी. वर्षाच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या बाक्या काढून एका कागदावर दोन रकान्यांत उतरवल्या की झाली तेरीज. हा शब्द आपल्याकडे पेशवाईच्या दप्तरापासून चालत आला आहे, हिशेबाचा गोषवारा या अर्थाने. प्रत्येक रक्कम दोन्ही बाजूंना गेली असेल, तर दोन्ही बेरजा सारख्याच यायला हव्यात. आल्या नाहीत, तर वाटेत कुठे तरी एकाच बाजूला धक्का लागला आहे.

शोध मी नेहमी उलटा करतो, शेवटच्या कागदापासून मागे. पहिल्यांदा तेरजेच्या दोन्ही रकान्यांची बेरीज पुन्हा, या वेळी खालून वर. मग प्रत्येक बाकी खातेवहीशी ताडून पाहायची. कुठली बाकी उतरवायची राहिली का, नावे बाकी जमेच्या रकान्यात बसली का. निम्म्या वेळा चूक इथेच सापडते आणि कीर्द उघडावीही लागत नाही. या दुकानाच्या तेरजेत तसं काही निघालं नाही. मग मी फरकाच्या आकड्याकडे वळलो.

2,700 हा आकडा तीन वेगवेगळ्या चुकांकडे बोट दाखवत होता. पहिली सरळ आहे. 2,700 चीच एखादी रक्कम एका बाजूला मांडली गेली आणि दुसऱ्या बाजूला राहून गेली. दुसरीसाठी फरकाची निम्मी करायची. 1,350 ची रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल, तर जमा बाजू 1,350 ने कमी होते आणि नावे बाजू 1,350 ने वाढते, म्हणजे फरक दुप्पट दिसतो. अशी चुकलेली रक्कम ज्या बाजूची बेरीज मोठी आहे तिथेच बसलेली असते, त्यामुळे निम्मीच वही चाळावी लागते.

तिसरी चूक आकड्यांच्या अदलाबदलीची. 61 ऐवजी 16 लिहिलं तर फरक पडतो 45 चा, आणि 45 ला नवाने निःशेष भाग जातो. हे दर वेळी होतं. एकसष्टमध्ये सहा दशक आणि एक एकक असतो. अदलाबदल केली की सहाचे दशक जाऊन एकक उरतात, म्हणजे प्रत्येकी नऊ कमी होतात, आणि एकाचा दशक होऊन नऊ वाढतात. बेरीज-वजाबाकी नवाच्या पटीतच राहते. शून्य कमी-जास्त पडलं, 340 चे 3,400 झाले, तरी फरक नवाच्याच पटीत येतो. 2,700 ला नवाने भागलं की 300. म्हणजे 4,100 चे 1,400 झाले असतील, किंवा 300 चे 3,000 झाले असतील.

नवाने भाग गेला म्हणून अदलाबदलच झाली, असं मात्र धरून चालू नये. 2,700 ला दोनानेही भाग जातो आणि नवानेही. मी निम्मीपासून सुरुवात केली, कारण त्यात शोधायचा आकडा एकच होता.

नावे बाजू मोठी, म्हणून 1,350 नावे बाजूला शोधायचे. खरेदी, पगार, भाडं पाहिलं, नाही. मग गिऱ्हाइकांच्या उधारीच्या खात्यांवर आलो. चाळीसेक खाती. एका प्लंबिंगचं काम करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पानावर नावे बाजूला 1,350 दोनदा होते. एकदा जानेवारीत पाइप आणि कोपर नेले त्याचे, एकदा 22 फेब्रुवारीला. बाकी नावे 2,700. फेब्रुवारीच्या ओळीतल्या पान नंबरावरून कीर्दीचं पान काढलं, तर तिथे रोख आल्याची नोंद होती. माणूस पैसे देऊन गेला होता आणि आमच्या वहीत त्याचं देणं दुप्पट झालं होतं. त्याची बाकी शून्य हवी होती. तेरीज जुळवायला मी 2,700 किरकोळ खर्चात टाकले असते, तर बेरजांतलं अंतर वाढलंच असतं, आणि एप्रिलमध्ये दुकानाचा मुलगा त्या माणसाकडे वसुलीला गेला असता.

चूक कशी झाली हेही समजून घेतलं. खतावणी करणारा पोरगा आजोबांच्या धान्याच्या दुकानात देशी नामा शिकलेला. देशी कीर्दीत डावी बाजू जमेची असते आणि डावीकडची रक्कम खात्यावरही डावीकडेच, जमेला जाते. या दुकानाची रोख वही इंग्रजी पद्धतीची. तिथे आलेले पैसे डावीकडे, रोख खात्याच्या नावे बाजूला लिहितात, आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर मात्र उजवीकडे, जमेला न्यावे लागतात. सवयीने त्याने डावीकडचं डावीकडे ठेवलं. त्या महिन्यातल्या त्याच्या हातच्या बाकी सगळ्या ओळी मी पुन्हा तपासल्या. त्या बरोबर निघाल्या.

ही युक्ती चूक एकच असेल तरच चालते. समजा, याच वहीत एका व्यापाऱ्याच्या जमेला 6,840 ऐवजी 6,480 पडले असते. मग फरक 3,060 झाला असता, निम्मे 1,530, आणि तो आकडा वहीत शोधून सापडला नसता. अशा वेळी दोघांनी बसून कीर्द वाचायची. एकाने मोठ्याने आकडा उच्चारायचा, दुसऱ्याने खात्यावर पाहून टिंब द्यायचं. 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात लुका पाचोली या गणिताच्या पंडिताने हीच रीत सांगितली आहे. टिंब न पडलेली ओळ म्हणजे चुकीची जागा. तोवर वार्षिक पत्रकं अडत असतील, तर फरक सस्पेन्स खात्याला उघडपणे दाखवावा, खर्चाच्या पोटात घालू नये.

आता टॅलीमध्ये दोन्ही बाजू न जुळणारं व्हाउचर साठवलंच जात नाही. तिथे तेरजेत फरक दिसला, तर तो बहुधा वर्षाच्या सुरुवातीच्या बाक्या चुकीच्या भरल्यामुळे असतो आणि पडद्यावर `Difference in opening balances` अशी ओळ येते. पण रक्कम चुकीच्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकली, तर तीही ते निमूट साठवतं.

1,350 जमेला नेले, गिऱ्हाइकाचं खातं शून्य झालं, आणि दोन्ही बेरजा 10,05,840 वर येऊन थांबल्या. मालकांनी चहा मागवला. चार दिवसांनी नळ-तोट्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचा खातेउतारा टपालाने आला. त्यात मार्चमधलं 6,840 चं एक बिल होतं. माल आमच्या फळीवर होता, पण बिल कीर्दीत कुठेच चढलं नव्हतं. खरेदीला नावे नाही, व्यापाऱ्याला जमा नाही, म्हणून तेरजेला त्याचा पत्ताच नव्हता. ते चढवलं आणि बेरजा पुन्हा लिहिल्या, दोन्हीकडे 10,12,680.