मोरचूद कुठल्या खुराला?

गाय लंगडायला लागली की लाळ्या-खुरकुताची शंका येते. तोंडात फोड नाहीत, लाळ गळत नाही, ताप नाही असं दिसलं की ती मिटते, आणि मग कुणीतरी मोरचुदाचं पाणी करून पायावर ओततं. संकरित होल्स्टीन गाईंना जी दोन दुखणी नेहमी लंगडायला लावतात, त्यांतल्या एकाच्या बाबतीत मोरचूद उपयोगी आहे. दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट त्या नादात आठ-पंधरा दिवस जातात आणि तेवढ्यात गाय दुधावरून उतरते.

पण त्याही आधी, गाय लंगडते आहे हे आपल्या लक्षात कधी येतं? बहुधा फार उशिरा. ब्रिटनमधल्या पन्नासेक गोठ्यांची एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या शेतकऱ्यांनी जेवढ्या गाई लंगड्या म्हणून सांगितल्या, त्याच्या जवळजवळ चौपट तपासणाऱ्यांना आढळल्या. कारण साधं आहे. आपण पाय बघतो, आणि पाठ आधी बोलते. अमेरिकेत १९९७ साली मांडलेली एक ते पाच गुणांची पद्धत पाठीवरच उभी आहे. उभी असताना आणि चालतानाही पाठ सरळ, तर एक. उभी असताना सरळ, पण चालायला लागली की कमान येते, तर दोन. दोन्ही वेळा कमान, तर तीन. एखादा पाय जपून टाकते हे उघड दिसलं तर चार, आणि पाय टेकवतच नाही तर पाच. आपण डॉक्टरांना फोन करतो तो चारला. खरं तर खूर उचलून बघायची वेळ दोन-तीनलाच आलेली असते. धार काढून झाल्यावर सपाट, कडक जमिनीवरून गाई एकेक करून चालवायच्या आणि बाजूने पाहायचं. चिखलात किंवा घसरड्या कोब्यावर धडधाकट गायसुद्धा वाकून चालते, तिथले गुण धरू नयेत.

आता पाय उचलू. मागचा पाय धुतल्यावर दोन टाचांच्या मधोमध, जिथे खूर संपून कातडी सुरू होते, तिथे रुपयाएवढी किंवा त्याहून मोठी लालभडक, ओलसर, खरबरीत जखम दिसली, कडेला पांढुरकी किनार आणि उभे राठ केस असले आणि कुबट वास आला, तर ते डिजिटल डर्माटायटिस. जखमेवर नळीची धार पडली तरी गाय पाय झटकते. टाच टेकवायची नाही म्हणून ती नख्यांच्या टोकांवर चालते. हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते १९७४ साली इटलीत, चेली आणि मोर्तेल्लारो या दोघांनी. त्यामागे ट्रेपोनेमा नावाचे पिळदार जंतू असतात. शेण-मुतात सतत भिजून मऊ पडलेल्या कातडीत ते शिरतात आणि खोलवर घर करतात. जखम बरी झाल्यासारखी दिसते, तिथे जाड, काळपट कातडी उरते, पण जंतू आत टिकून असतात. गोठा पुन्हा ओला झाला की तीच जागा पुन्हा उघडते, आणि तीच गाय इतरांना देत राहते.

उघडी जखम पाण्याच्या हौदाने बरी होत नाही. ती धुवून, कोरडी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिटेट्रासायक्लिनचा फवारा मारावा लागतो. हौद आहे तो जुन्या, झोपलेल्या जखमा पुन्हा उठू नयेत म्हणून. तो लांब हवा, निदान तीन मीटर, म्हणजे मागचा प्रत्येक पाय त्यात दोनदा बुडतो. दीड मीटरच्या हौदातून गाय एका ढांगेत निघून जाते. हिशोब करून बघू. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे १८० लिटर. पाच टक्क्यांचं द्रावण करायचं तर नऊ किलो मोरचूद लागतं. शेण मिसळत गेलं की दीड-दोनशे गाई जाईपर्यंत त्यातला जोर संपतो. बारा गाईंच्या गोठ्यात एवढ्या फेऱ्या व्हायच्या आधी ते पाणी दिवसेंदिवस पडून घाण होईल. शेवटी ते शेणखड्यात आणि तिथून शेतात जातं. तांबं मातीत साठतं, मेंढ्यांना तर ते विषच आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लहान गोठ्याने हौद बांधू नये. धारेच्या वेळी मागचे पाय नळीने धुवावेत, टाचा बघाव्यात, आणि शेणपाण्याला वाट काढून द्यावी. फॉर्मालिन स्वस्त पडतं, पण त्याच्या वाफा माणसाला घातक आहेत. बंदिस्त गोठ्यात तर ते नकोच.

दुसरं दुखणं कातडीत नसतं, नखीत असतं. समजा, तिसऱ्या वेताची एक गाय मार्चच्या मध्यावर व्यायली. वेताच्या सुमाराला नखीच्या आतलं हाड टांगून धरणारे तंतू सैल पडतात आणि हाड किंचित खाली उतरतं. टाचेखाली चरबीची गादी असते, ती धक्का झेलते. पण भरपूर दूध देताना गाय खंगते आणि गादीही पातळ होते. त्यात एप्रिलचं ऊन. उकाड्यात गाई बसत नाहीत, अंगाला वारा लागावा म्हणून कोब्यावर तासन्‌तास उभ्या राहतात. हाडाची मागची कड आणि सिमेंट यांच्या मध्ये तळव्याचा जिवंत थर चेंगरतो. तळवा साधारण एक सेंटिमीटर जाड, आणि शिंग महिन्याला पाचेक मिलिमीटर वाढतं. म्हणून मार्च-एप्रिलमधला मार वर यायला मे उजाडतो. गाय लंगडते तेव्हा मालक कालचा दगड शोधत असतो. हा सोल अल्सर. तो बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीवर असतो, टाचेच्या थोडा पुढे, आतल्या कडेला. वरून फक्त काळसर डाग दिसतो. शिंगाचा पातळ पापुद्रा काढला की खाली रक्ताळलेला व्रण. इथे जंतू हे मूळ कारण नाही. भार हे कारण आहे.

म्हणून उपचार म्हणजे भार हलवणं, आणि ते साळणीने होतं. आपल्याकडे बैलांना पत्र्या मारणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, दुभत्या गाईचा पाय मात्र कुणी उचलत नाही. जगभर चालते ती पाच पायऱ्यांची पद्धत नेदरलँड्समधल्या तुसाँ रावेन यांची. गाय खोड्यात घ्यायची आणि मागच्या पायाची आतली नखी आधी धरायची, कारण ती सहसा ठीक असते. समोरून, जिथे कडक शिंग सुरू होतं तिथून टोकापर्यंत साधारण साडेसात सेंटिमीटर ठेवायचं. थोराड गाईला थोडं जास्त. टोकाशी तळवा निदान पाच मिलिमीटर राहायलाच हवा. अंगठ्याने दाबल्यावर तो दबला, तर तिथेच थांबायचं. आतल्या नखीची टाच तासायची नाही. बाहेरची नखी तिच्या बरोबरीला आणायची, आणि दोन्ही नख्यांत आतल्या बाजूला तळव्याला खोलगटपणा द्यायचा, म्हणजे नेमक्या व्रणाच्या जागेवर भार येत नाही. आपल्या मे महिन्यातल्या गाईला आणखी तीन गोष्टी लागतात. बाहेरच्या नखीची टाच अजून खाली घ्यायची, सुटलेलं शिंग काढायचं आणि निरोगी आतल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवायचा. मग गाय ठोकळ्यावर चालते आणि दुखरी नखी हवेत राहते. सोबत डॉक्टरांकडून वेदनाशामक. डायक्लोफेनॅकवर गिधाडांसाठी २००६ पासून जनावरांमध्ये बंदी आहे, मेलोक्सिकॅम चालतं.

इथली सगळ्यांत मोठी चूक म्हणजे व्रण खोल कोरणं, त्यात मोरचूद भरणं आणि वर घट्ट पट्टी. जिवंत थर जळतो, नवं शिंग धरत नाही, आणि पट्टीमुळे दुखऱ्याच नखीवर दाब येतो. ठोकळा महिना-सव्वा महिना राहिला तर पुरे, पण आठवड्याने गाय पुन्हा चालवून गुण घ्यावेत. तीनवरून दोनवर आली तर काम नीट झालं. तीनवरच राहिली, किंवा खुराच्या वरचा भाग सुजला, तर पू आत सांध्याकडे गेलेला असू शकतो, आणि ते खोड्यात घरी सोडवायचं काम नव्हे. पुढच्या वेळी मात्र लंगडण्याची वाट पाहू नये. गाय आटवताना एकदा आणि व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा खूर उचलून बघितले, की मार्चमधला डाग लंगडण्याच्या आधीच हाती लागतो.